मदत हवी आहे: बाबांच्या बोटांची टोकं फुगलीत, सीओपीडीमुळे असं होतं का?

रानजाई: बाबा ६८ वर्षांचे आहेत, तीस वर्षं सिगरेट ओढली, आता सहा वर्षं बंद आहे आणि सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार आहे, त्यासाठी पंप चालू आहेत. परवा त्यांची नखं कापून देत होते तेव्हा लक्षात आलं की बोटांची टोकं गोल झालीत, नखं पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलीत आणि नखाच्या मुळाशी दाबलं तर खाली स्पंज असल्यासारखं लागतं. दुखत काहीच नाही म्हणून ते ऐकायला तयार नाहीत. दम्याच्या जुन्या लोकांना असं होतंच, असं एक ओळखीचे म्हणाले. खरंच होतं का?

अभिजित_क: याला क्लबिंग म्हणतात ताई. ऑक्सिजन कमी पडला की होतं, जन्मतः हृदयात दोष असलेल्या निळ्या पडणाऱ्या मुलांमध्येही दिसतं ना, तसंच. सीओपीडीत ऑक्सिजन कमीच असतो, त्यामुळे घाबरू नका.

सुमनमावशी: माझी बोटं लहानपणापासून अशीच आहेत, माझ्या वडिलांचीही होती, साठी उलटली तरी काही झालं नाही. नखांना लोह कमी पडत असेल, ते तपासून घे.

छातीविकार_डॉक्टर: रानजाई, घाबरवत नाही पण हे सोडून देऊ नका. सीओपीडी किंवा दमा, दोन्हींमुळे क्लबिंग होत नाही. सीओपीडीच्या माणसाला नव्याने क्लबिंग दिसलं तर दुसरं काहीतरी आहे असं धरून आम्ही शोधायला लागतो, सगळ्यात आधी फुफ्फुसाचा कॅन्सर, मग ब्रॉन्किएक्टेसिस म्हणजे श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन त्यात कफ साचत राहणं, मग फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात व्रणासारखे तंतू वाढून ते कडक होणं. छातीत जुना पू साचलेला असेल तरीही होतं.

सुमनमावशी, तुमचं घराण्यातलं आहे, ते वेगळं. आणि लोह कमी पडलं की नखं चमच्यासारखी खोलगट होतात, इथे उलट फुगीर आहेत.

अभिजित, त्या मुलांचं उदाहरण बरोबर आहे पण कारण नुसता ऑक्सिजन नसावा. तसं असतं तर वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमी असलेल्या माझ्या सगळ्या सीओपीडी पेशंटची बोटं फुगली असती. १९८७ मध्ये मांडलेली एक कल्पना मला जास्त पटते. प्लेटलेट ज्यांच्यापासून बनतात त्या मोठ्या पेशी रक्तातून फुफ्फुसात येतात आणि तिथल्या बारीक केशवाहिन्यांमध्ये अडकून त्यांचे तुकडे होतात, म्हणजे फुफ्फुस चाळणीचं काम करतं. त्या मुलांमध्ये काही रक्त फुफ्फुसाला वळसा घालून सरळ पुढे जातं, मग अख्ख्या पेशी बोटांच्या टोकाशी जाऊन अडकतात आणि तिथे वाढीचे पदार्थ सोडतात, त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाणी साठतं, नखाखालचा मऊ भाग वाढतो. तुम्हाला स्पंज लागला तो हाच.

अभिजित_क: हे माहीत नव्हतं, चूक मान्य. पण मग फायब्रोसिसमध्ये रक्त वळसा घालून कुठून जातं?

छातीविकार_डॉक्टर: तिथेच ही कल्पना कमी पडते. खराब झालेल्या भागातली चाळणी फाटते असं म्हणतात, पण तेवढ्याने सगळं जुळत नाही. गाठ असेल तर ती स्वतःच वाढीचे पदार्थ सोडत असू शकते. शिवाय प्रोस्टाग्लँडिन नावाचे सूज आणणारे पदार्थ मोडणारं एन्झाइम जन्मतः बिघडलेल्या घराण्यांत क्लबिंग सापडलंय, आणि ते मोडण्याचं बरंचसं काम फुफ्फुसातच होतं. बहुतेक रस्ते एकापेक्षा जास्त असावेत.

रानजाई, दोन्ही तर्जन्यांची नखं समोरासमोर टेकवायला सांगा. मुळाशी पत्त्यातल्या चौकटसारखी फट दिसली पाहिजे. ती बुजली असेल तर क्लबिंग धरायचं. शॅमरोथ नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ मध्ये स्वतःच्या आजारपणात स्वतःचीच बोटं बघून ही खूण लिहिली.

रानजाई: फट अजिबात नाही. भावाने व्हर्नियर कॅलिपरने तर्जनीची जाडीही मोजली, नखाच्या मुळाशी १८.५ मिमी आणि त्याच्या मागच्या सांध्याशी १७. चार वर्षांपूर्वीच्या एका फोटोत हात जवळून आलाय, त्यात बोटं साधी दिसतात.

छातीविकार_डॉक्टर: नेहमी सांध्यापेक्षा नखाचं मूळ बारीक असतं, इथे उलट झालंय, आणि चार वर्षांत झालंय. छातीचा सीटी करा. साध्या एक्सरेत छोटी गाठ सुटू शकते. सकाळी कफ किती पडतो?

रानजाई: अर्धा कप तरी, पिवळा. आम्ही ते सिगरेटचंच समजत होतो.

रानजाई: (नऊ दिवसांनी) सीटी झाला. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात श्वासनळ्या रुंद झाल्यात, ब्रॉन्किएक्टेसिस लिहिलंय, गाठ दिसत नाही. कफ तपासायला दिलाय आणि तो काढायचे व्यायाम शिकवलेत. बोटं पूर्वीसारखी होतील का?

छातीविकार_डॉक्टर: गाठ दिसत नाही हे वाचून बरं वाटलं. मूळ आजार गेला तर बोटं उतरू शकतात, फुफ्फुस बदललेल्या पेशंटमध्ये तसं दिसलंय. पण रुंद झालेल्या नळ्या परत अरुंद होत नाहीत, म्हणून बहुतेक बोटं अशीच राहतील. मनगटं, घोटे दुखतात का त्यांचे?

रानजाई: संध्याकाळी घोटे धरतात, वयामुळे म्हणतात ते.

छातीविकार_डॉक्टर: पुढच्या भेटीत हे नक्की सांगा आणि नडगीचा एक्सरे काढायला लावा. क्लबिंगसोबत कधीकधी हाडाच्या आवरणाखाली नवं हाड साचतं, त्याने असंच दुखतं. आणि ते दिसलं तर तो सीटी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला पुन्हा वाचायला द्या, कारण ते कॅन्सरमध्ये जास्त आढळतं.