मदत हवी आहे : बेडमधली गांडुळं भिंतीवर चढलीत, विकलेलं खतही परत आलंय

पाचटवाला :
वाईजवळ शेत आहे. बारा बाय चार बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा बेड आहे, वर पत्र्याची शेड. गांडुळं आयसेनिया फेटिडा, पाच किलो कल्चर आणलं होतं. पहिल्या खेपेला उसाचं पाचट आणि जुनं शेण घातलं, तेव्हा काही अडचण आली नाही. यंदा जुनं शेण संपलं म्हणून शेजारच्या गोठ्यातलं ताजं घेतलं आणि एका मेसमधलं उरलेलं अन्न चार बादल्या मिसळलं. रविवारी बेड भरला. मंगळवारी सकाळी पाहतो तर गांडुळं भिंतीवर चढून कोपऱ्यात गोळा झालेली, काही खाली मरून पडलेली. हे एक.

दुसरं म्हणजे पहिल्या खेपेचं खत पाच-पाच किलोच्या प्लास्टिक पिशव्या सील करून सातारच्या एका नर्सरीला दिलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, आत पांढरी बुरशी आहे आणि कुबट वास येतोय. सगळा माल परत घ्यावा लागला. चुकतंय कुठे?

मातीचा_माणूस :
शेणात आंबटपणा वाढलाय. चुन्याची निवळी शिंपडा, दोन दिवसांत गांडुळं खाली उतरतील. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं.

गोठेवाली_आजी :
पाचटवाला, आधी कोपरापर्यंत हात आत घाल. गरम लागलं तर ताजं शेण तापलंय. वाकल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनियासुद्धा आहे. मग चुना मुळीच नको, त्याने अमोनिया आणखी सुटतो. नुसता आंबट वास असता तर मातीचा_माणूस यांचं बरोबर ठरलं असतं. मेलेली गांडुळं नीट बघ. मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी फुगलेली आणि आवळलेली दिसतायत का? तशी असतील तर डाळ-भाताचा भार झालाय. त्यात मेसच्या अन्नात मीठ, तेल, लोणचं. गांडूळ कातडीने श्वास घेतं, मीठ त्याला सोसत नाही.

गच्चीराणी :
माझ्या बादलीत तर छोट्या माश्यांचा नुसता ढग होतो! केळीची सालं घातली की हमखास. बेडवर कडुलिंबाची पेंड टाकून चालेल का?

पाचटवाला :
आजी, हात घातला आणि लगेच बाहेर काढला, एवढं गरम. डोळ्यांतून पाणी आलं. माळेसारखी तीन-चार दिसली. आता बेड रिकामा करू का? शेतातली गांडुळं आणून टाकली तर?

गोठेवाली_आजी :
शेतातली नकोत. ती मातीत खोल राहणारी, नुसत्या शेणाच्या ढिगात टिकत नाहीत. बेडच्या एका टोकाचा दोन फूट माल काढ, तिथे कुठूनही जुनं, थंड शेण मिळवून घाल आणि ओलं गोणपाट टाक. जगलेली गांडुळं आपोआप तिकडे जमतील. बाकीचा माल बाहेर सावलीत वीतभर थरात पसर, पाणी मार आणि दर तीन-चार दिवसांनी उलथ. पंधरा-वीस दिवसांत आतून थंड होईल. तरी एकदम भरू नकोस. ओंजळभर माल डब्यात घे, वर दहा गांडुळं सोड. आत शिरली तर माल तयार, कडेला पळाली तर अजून थांब. मेसचं अन्न बंद. भाजीवाल्याचा पाला घे, तोही दोन बोटांच्या थरात.

चाळणी :
पिशव्यांबद्दल सांगतो. ओलं भरलंत, म्हणून बुरशी. काढायच्या चार-पाच दिवस आधी पाणी बंद करायचं. मग ढीग लावायचा, गांडुळं तळाशी जातात. वरचं खत सावलीत पसरायचं आणि चाळायचं. मुठीत दाबल्यावर हात ओला झाला तर थांबा. पिशवीलाही भोकं हवीत. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये गांडूळखताचा ओलावा 15 ते 25 टक्के धरलाय, आणि 90 टक्के माल 4 मिमीच्या चाळणीतून पडला पाहिजे.

मात्र याने वजन घटतं. 40 टक्के ओलाव्याचं 100 किलो खत घ्या. त्यात कोरडा माल 60 किलो. तो 25 टक्क्यांवर आणला की उरतं 80 किलो. दहा रुपये भाव धरला तर हजाराऐवजी आठशे हातात येतात. म्हणून बरेच जण ओलं विकतात आणि मग नर्सरीवाले तुमच्यासारख्यांचे फोन घेत नाहीत. भाव वाळलेल्या वजनावरच लावा.

मातीचा_माणूस :
घरच्या खताला परवाना-बिरवाना काही लागत नाही. खुशाल विका.

चाळणी :
शेजाऱ्याला ट्रॉली भरून देणं निराळं आणि नाव छापलेली पिशवी दुकानात ठेवणं निराळं. पिशवी छापण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारा.

पाचटवाला :
बारा दिवसांनी लिहितोय. गोणपाटाखाली बरीच गांडुळं सापडली, माझ्या अंदाजाने निम्मी तरी असतील. काल डब्यात दहा सोडली. सहा आत गेली, चार झाकणावर. म्हणजे अजून आठवडाभर उलथत राहतो. परत आलेलं खत पसरून वाळवलं, बुरशी गेली, पण वास थोडा राहिलाय. हे स्वतःच्या हळदीला घालतो, नर्सरीला नवीन खेपेचं देईन. कृषी कार्यालयात गेलो होतो, साहेब दौऱ्यावर होते.

गच्चीराणी :
आणि माझ्या माश्या?