मदत हवी आहे: वाढीच्या हिशेबात उत्पादकता शून्यावर येतेय, आणि मंदीच्या वर्षी तर थेट उणे!

आकडेमोड
नमस्कार मंडळी. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी एका काल्पनिक अर्थव्यवस्थेचे दहा वर्षांचे आकडे मिळाले आहेत. उत्पादनाची वाढ श्रम आणि भांडवल यांच्यात वाटायची आणि उरेल ती उत्पादकता म्हणून दाखवायची, एवढंच काम.

दहा वर्षांची सरासरी अशी: उत्पादन वर्षाला ६ टक्क्यांनी वाढलं, भांडवल ८ टक्क्यांनी, कामगार २ टक्क्यांनी. वेतनखर्चाला एकूण मूल्यवर्धनाने भागलं तर श्रमाचा वाटा ०.३५ येतो, म्हणून भांडवलाचा ०.६५ धरला. भांडवलाचे ५.२, श्रमाचे ०.७, बेरीज ५.९. म्हणजे उत्पादकतेला उरले जेमतेम ०.१!

नववं वर्ष मंदीचं आहे. उत्पादन ३ टक्क्यांनी घटलं, कामगार १ टक्क्याने घटले, पण भांडवल ४ टक्क्यांनी वाढलं. त्या वर्षी शेष उणे ५.२५ येतो. एका वर्षात देश सव्वापाच टक्के शिकलेलं विसरला, असं अहवालात लिहू का? गुणाकार पुन्हा पुन्हा तपासले, ते बरोबर आहेत.

तर्कटपंथी
शेष म्हणजे तंत्रज्ञान. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलोने १९५७ मध्ये अमेरिकेचे १९०९ ते १९४९ चे आकडे घेऊन दाखवलं की तासाभराच्या श्रमामागच्या उत्पादनवाढीत जवळजवळ सात अष्टमांश वाटा तंत्रप्रगतीचा होता, भांडवलाचा फक्त एक अष्टमांश. तंत्रज्ञान मागे जात नाही, त्यामुळे उणे आकडा आला की खुशाल समजा भांडवलाचा आकडा चुकलाय. पहिल्या वर्षाचा साठा कुठून आणलात? तो अंदाजाने धरला असेल तर सगळं तिथेच बिघडलं.

आकडेमोड
हो, पहिला साठा अंदाजाचाच आहे. पुढे दरवर्षी ५ टक्के घसारा वजा करून नवी गुंतवणूक मिळवत गेलो.

कारखानदार_७
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझं छोटं युनिट आहे. यंदा विक्री १२ टक्के वाढली, माणसं तेवढीच, मशीन एक नवीन. मग माझी उत्पादकता १२ टक्के वाढली म्हणायची का? बँकेला दाखवायचं आहे.

पाटीपेन्सिल
कारखानदारसाहेब, विक्रीवरून नाही सांगता येणार. विक्रीतून कच्चा माल आणि वीज वजा करा, भाववाढ काढा, मग उरलेल्या वाढीतून नव्या मशीनचा वाटा बाजूला ठेवा. कच्चा मालच जास्त लागला असेल तर बारातले फार थोडे हाती लागतील. बँकेला यात रस असेल असं वाटत नाही, पण तो वेगळा मुद्दा.

आकडेमोड, तुमचा प्रश्न एक नाही, दोन आहेत. आधी सरासरी घ्या. ०.३५ हा वाटा फक्त पगारदारांचा आहे. तुमच्या आकड्यांत स्वतःचं शेत कसणारे, दुकानदार, कारागीर असे लोक किती आहेत? त्यांना पगार मिळत नाही, त्यांची कमाई राष्ट्रीय लेख्यांत मिश्र उत्पन्न म्हणून जाते. तुम्ही ती सगळीच्या सगळी भांडवलाच्या पारड्यात टाकली आहे. शिवणयंत्रावर दिवसभर बसणाऱ्या शिंप्याची कमाई यंत्राची की त्याच्या हातांची? दोन्हींची, पण बहुतेक हातांची.

आकडेमोड
बघितलं. मिश्र उत्पन्न वेगळं दिलंय आणि ते बरंच मोठं आहे. पगारदारांच्या सरासरी पगाराइतका मोबदला स्वयंरोजगारवाल्यांनाही धरला तर श्रमाचा वाटा ०.६० च्या आसपास जातो.

आता भांडवलाचे ३.२, श्रमाचे १.२, बेरीज ४.४ आणि शेष १.६. एका वाट्यावरून ०.१ चे १.६ झाले?

पाटीपेन्सिल
झाले, कारण तुमचं भांडवल श्रमाच्या चौपट वेगाने वाढतंय. दोन्ही सारख्याच वेगाने वाढली असती तर वाटा काहीही धरा, शेष तोच राहिला असता. मात्र १.६ वरही डोळे झाकून विसंबू नका. स्वयंरोजगारवाला पगारदाराइतकं कमावतो हे गृहीतक गरीब अर्थव्यवस्थेत बरंचसं सैल असतं. अहवालात ०.५० आणि ०.६० असे दोन्ही धरून उत्तरं द्या.

आता मंदीचं वर्ष. नव्या वाट्याने उणे ५.२५ चे उणे ४ होतात, तरी प्रश्न उरतोच. तर्कटपंथींचं पहिल्या साठ्याबद्दलचं म्हणणं एका बाजूने खरं आहे. ५ टक्के घसाऱ्याने दहा वर्षांनंतरही पहिल्या साठ्याचा साठ टक्के भाग हिशेबात उरतो, म्हणून तो चुकला तर वाढीचा दर अनेक वर्षं वाकडा येतो. पण ती चूक हळूहळू विरत जाते. ती फक्त नवव्या वर्षी येऊन धडकत नाही.

नवव्या वर्षी काय झालं ते तासांवरून कळेल. तास आणि क्षमतावापराचे आकडे आहेत का?

आकडेमोड
आहेत. माणशी तास ३ टक्क्यांनी कमी झाले. क्षमतावापर ८० टक्क्यांवरून ७४ वर आला.

पाटीपेन्सिल
मग माणसं १ आणि तास ३ मिळून श्रम ४ टक्क्यांनी घटलं, ते ०.६० ने गुणून उणे २.४. यंत्रं ४ टक्के जास्त होती, पण त्यांचा वापर साडेसात टक्क्यांनी उतरला. म्हणजे कामाला लागलेलं भांडवल साडेतीन टक्के घटलं, ०.४० ने गुणून उणे १.४. दोन्ही मिळून उणे ३.८. उत्पादन घटलं ३ टक्के, म्हणून शेष अधिक ०.८.

कोणी काही विसरलं नव्हतं. यंत्रं बंद उभी होती आणि तुम्ही ती चालू धरली होती. गंमत म्हणजे सोलोने स्वतः हे ओळखून भांडवलाचा साठा रोजगारात असलेल्या मनुष्यबळाच्या प्रमाणात कमी केला होता. आणि 'तंत्रप्रगती' हा शब्द त्याने उत्पादनफलातल्या, म्हणजे श्रम-भांडवल आणि उत्पादन यांच्या नात्यातल्या, कुठल्याही सरकण्यासाठी वापरला होता, फक्त नव्या यंत्रांसाठी नाही.

तर्कटपंथी
सोलोची ती दुरुस्ती लक्षात नव्हती, मान्य. पण तुमची दुरुस्तीही जरा जास्तच सोयीची नाही का? क्षमतावापराची पाहणी बहुधा कारखान्यांची असते. घरं, रस्ते, पूल हेही भांडवलच. कारखाना थंडावला म्हणून घर साडेसात टक्के कमी राहण्याजोगं होत नाही.

पाटीपेन्सिल
बरोबर बोललात. दुरुस्ती यंत्रसामग्रीपुरतीच लावावी, बांधकामाला नाही. यंत्रं निम्मी असतील तर एकूण वापर पावणेचार टक्केच घटेल, कामातलं भांडवल पाव टक्का वाढलेलं निघेल आणि शेष उणे ०.७ च्या आसपास येईल. म्हणून मी एकट्या मंदीच्या वर्षाच्या शेषावर काहीच लिहिणार नाही. तेजीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत मोजा, वापराचा प्रश्न बराचसा गळून पडतो.

शून्यवादी
सगळं ठीक, पण १.६ खरं की ०.१ हे वाट्यांच्या वादातून कधीच ठरणार नाही. सिंगापूरबद्दल अर्थशास्त्रज्ञ अॅल्विन यंगने १९९५ मध्ये हेच गणित करून उत्पादकतावाढ जवळपास शून्य काढली. मग २००२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ चँग-ताई शे यांनी उलट बाजूने विचारलं: नुसतं भांडवलच साचत गेलं असेल तर त्यावरचा परतावा उतरायला हवा होता, तो बाजारात उतरलेला का दिसत नाही? आकडेमोड, तुमच्याकडे व्याजदर किंवा नफ्याचा दर आहे का?

आकडेमोड
नफ्याचा दर आहे. दहा वर्षांत जवळपास सपाट, आणि खरं वेतन वाढतंय.

शून्यवादी
मग ०.१ वर माझा तरी विश्वास बसत नाही. शेष दोन वाटांनी काढता येतो: श्रम-भांडवलाच्या प्रमाणावरून, किंवा त्यांच्या भावावरून, म्हणजे वेतन आणि नफ्याच्या दरावरून. भाव आणि प्रमाण दोन्हींचे आकडे एकमेकांशी नीट जुळत असतील तर दोन्ही वाटांनी शेष सारखाच यायला हवा. नाही आला तर कुठला तरी आकडा खोटा बोलतोय. आधी भांडवलाच्या साठ्यावर संशय घ्या.

पाटीपेन्सिल
किंवा नफ्याच्या दरावर. सरकारी कंपन्या आणि सवलतीची कर्जं असतील तर तो दर बाजाराचा नसतो. हे दोन्ही बाजूंनी लढता येतं.

आकडेमोड
प्रत्येक कामगारामागचं शिक्षणही वाढलंय, तेही आकड्यांत आहे. ते श्रमात घालायचं की शेषात ठेवायचं?