मदत हवी आहे: सागाच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या कमानीच्या खांद्यावर फटी राहिल्या आणि तोंड उघडलं

खानापूर_साग
देव्हाऱ्यासाठी अर्धगोल कमान करतोय. आतलं माप 450 मिमी, म्हणजे त्रिज्या 225. पट्ट्या 3 मिमी जाडीच्या, 40 रुंद, 900 लांब, अशा आठ. तयार जाडी 24. साग जुना, घरच्या तुळईतला, चांगला वाळलेला. साचा प्लायवूडचा दोन भागांत आहे, आतला नर आणि बाहेरचा मादी. पट्ट्यांना पांढरा डिंक लावून मध्ये ठेवल्या आणि वरून दोन लांब शिकंज्यांनी मादी साचा खाली दाबला. चार तासांनी सोडलं.

दोन गोष्टी बिघडल्या. माथ्यावर जोड एकदम घट्ट आहे, पण दोन्ही खांद्यांपासून खाली पायापर्यंत पट्ट्यांमध्ये फटी आहेत, काही ठिकाणी पोस्टकार्ड जातं. आणि साच्यातून काढल्यावर तोंड 450 चं 478 झालं. शिकंजे अजून जोरात आवळले तर फटी जातील का? आणि तोंड उघडू नये म्हणून काय करायचं? इकडे पाऊस धो धो चालू आहे, तेही लक्षात घ्या.

निपाणीकर
काका, पट्ट्या वाफवल्या नाहीत तर असंच होणार. लाकूड वाफेवर मऊ करा, साच्यावर वाकवा, मग ते उघडतच नाही. आमच्याकडे सगळे वाफेवरच वाकवतात. डिंक कुठलाही चालतो मग.

गल्लीतला_सुतार
कमानीसाठी एवढा खटाटोप कशाला? प्लायवूडला मागून करवतीचे कापे द्यायचे, वाकवायचं, वरून व्हिनीअर. तासाभरात काम होतं.

खानापूर_साग
दादा, कमानीची कड समोरून दिसणार आहे आणि तिच्यावर गोलची मारायची आहे. कापे दिसतील. लाकूड भरीवच हवं.

पटाशी_बेळगाव
आधी एक सांगा. वाकवण्यापूर्वी पट्ट्यांची टोकं खिळ्याने किंवा तारेने एकत्र बांधली होती का? आणि आता टोकं कशी दिसतायत, सरळ कापल्यासारखी की पायऱ्यांसारखी?

खानापूर_साग
बांधली नव्हती. मधोमध पेन्सिलची खूण जुळवून ठेवल्या होत्या. टोकं पायऱ्यांसारखी आहेत. सगळ्यात आतली पट्टी बाहेरच्या पट्टीपेक्षा प्रत्येक बाजूला सुमारे 33 मिमी पुढे आली आहे.

पटाशी_बेळगाव
मग पट्ट्या एकमेकींवरून नीट सरकल्या आहेत. पट्टीच्या जाडीच्या मध्यावर मोजलं तर सगळ्यात आतल्या पट्टीचा कंस 712 मिमीचा आणि बाहेरच्या पट्टीचा 778 चा. फरक 66, तो दोन्ही बाजूंना वाटला की तेहतीस. टोकं बांधली असती तर हा फरक जायला जागाच राहिली नसती आणि आतल्या पट्ट्या फुगून उठल्या असत्या. तुमच्या फटींचं कारण ते नाही.

कारण दाबाच्या दिशेत आहे. शिकंजे मादी साचा सरळ खाली ओढतात. माथ्यावर लाकडाचा पृष्ठभाग आडवा आहे, तिथे सगळा जोर जोडावर येतो. जसजसं खांद्याकडे जाल तसा पृष्ठभाग तिरका होत जातो आणि जोडावर पडणारा दाब कमी होतो. पायाशी पृष्ठभाग उभाच आहे, तिथे खाली ओढणारा जोर पट्ट्यांना एकमेकींवर दाबतच नाही, नुसता घासत जातो. म्हणून शिकंजे दुप्पट आवळले तरी माथ्यावरचा डिंक पिळून निघून जाईल आणि खांद्याची फट तशीच राहील.

त्यात आणखी एक भर. आठ पट्ट्या प्रत्येकी 0.2 मिमी जास्त जाड निघाल्या तर गठ्ठा 24 ऐवजी 25.6 होतो. मग मादी साच्याचा गोल त्याच्यावर बसतच नाही, एखाद्या ठिकाणी टेकतो आणि बाकी अधांतरी राहतो. अर्ध्या गोलापेक्षा पसरट वळण असेल तर दोन भागांचा साचा चालतो. पूर्ण अर्धगोलाला नर साचा एकटाच ठेवा आणि दाब प्रत्येक ठिकाणी केंद्राकडे द्या.

साचा असा करा. 18 मिमी प्लायवूडचे तीन थर चिकटवून 54 जाडीचा नालाच्या आकाराचा साचा कापा, कडेची रुंदी 80. मधली जागा मोकळी हवी, म्हणजे जी क्लॅम्पचा एक जबडा आत टेकतो आणि दुसरा बाहेरून पट्ट्यांवर येतो. सहा इंची क्लॅम्प पुरतात. खाली दोन्ही पाय एका आडव्या ठोकळ्याने जोडा, नाहीतर साचाच मिटेल. पट्ट्यांवर क्लॅम्पचे वळ उठू नयेत आणि दाब पसरावा म्हणून सगळ्यात बाहेर दोन कोऱ्या 3 मिमीच्या पट्ट्या खाकी चिकटपट्टीत गुंडाळून ठेवा, त्यांना डिंक लावायचा नाही. साच्यालाही तीच चिकटपट्टी किंवा मेण. आधी माथ्यावर एक क्लॅम्प, मग एक डावीकडे, एक उजवीकडे, असं खाली उतरत जा. साधारण 75 मिमीला एक म्हणजे अकरा लागतील. एवढे नसतील तर ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून साच्यासकट ताणून गुंडाळा. अशा वळणावर रबराचा दाब आपोआप केंद्राकडेच पडतो.

साचा हाताने नीट गोल येत नसेल तर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करणाऱ्यांना विचारा, त्यांचं रोजचं काम गोलाईचंच आहे.

खानापूर_साग
दाबाचं कळलं. पण तोंड 28 मिमी उघडलं, ते?

पटाशी_बेळगाव
त्यात थोडं हक्काचं आहे आणि बरंच टाळण्यासारखं. चिकटवलेलं लाकूड साच्यातून सुटल्यावर थोडं सरळ होतंच. किती, ते पट्ट्यांच्या संख्येवर असतं. संख्येला संख्येने गुणा आणि वळण तेवढ्यावा हिस्सा कमी होईल असं धरा. आठ पट्ट्यांना चौसष्टावा हिस्सा. 225 त्रिज्येच्या अर्धगोलात तोंड सुमारे 7 मिमी उघडतं. 2 मिमीच्या बारा पट्ट्या घेतल्या तर 3 मिमीच, पण जोड अकरा, आणि करवतीच्या पात्यात लाकूडही जास्त जातं.

तुमचं 28 झालं, म्हणजे चारच पट्ट्या असल्यासारखं. खांद्यावर जोड लागलेलाच नाही, तिथे प्रत्येक पट्टी सुटी आहे आणि सुटी पट्टी सरळ व्हायला बघणारच. वर चार तास. पांढऱ्या डिंकातलं पाणी लाकडात जाऊन डिंक वाळतो. सात जोडांचं पाणी एकाच गठ्ठ्यात कोंडलं गेलं, बाहेर हवा पावसाळी. वरून कडेचा डिंक कडक दिसतो, पण मधला दह्यासारखा असतो. या दिवसांत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र तरी साच्यावर राहू द्या, दोन दिवस उत्तम.

पुढच्या साच्याची त्रिज्या 225 ऐवजी 221.5 धरा आणि कंस दोन्ही बाजूंना दीड दीड अंशाने पुढे न्या. सुटल्यावर 450 च्या जवळ येईल.

निपाणीकर
म्हणजे वाफेचा उपयोगच नाही?

पटाशी_बेळगाव
उपयोग आहे, पण तुम्ही म्हणता तेवढा नाही. वाफेवर वाकवलेलं लाकूडही वाळताना थोडं उघडतं, फक्त ते किती उघडेल याचा अंदाज बांधणं अवघड जातं. 3 मिमीची पट्टी या त्रिज्येला कोरडीच वळते, रेषा सरळ असतील तर. रेषा कडेकडे निसटत असतील किंवा गाठ असेल तर ती तिथेच चटकन सोलते, म्हणून डिंक लावण्याआधी प्रत्येक पट्टी साच्यावर कोरडी वाकवून पाहायची. वाफ घेतलीच तर काही मिनिटं पुरे, पण मग ती साच्यावर बांधून काही दिवस वाळू द्यायला हवी. ओल्या लाकडावर डिंक धरणार नाही. आणि डिंक कुठलाही चालतो हे तर अजिबात नाही.

घाटमाथा
डिंकावरून एक सांगते. कमान देव्हाऱ्याची आहे, खाली समई आणि निरांजन असणार. पांढरा डिंक उष्णतेने मऊ पडतो. वाकवलेल्या पट्ट्या आत कायम ताणात असतात, त्यामुळे तो डिंक कडक झाल्यावरही वर्षानुवर्षं थोडा थोडा सरकतो. इथे इपॉक्सी घ्या, किंवा पावडरीचं युरिया रेझिन हार्डनर घालून. दोन्ही कडक होतात आणि सरकत नाहीत.

सरकतंय की नाही हे कळायला सोपी युक्ती आहे. साच्यातून काढल्या काढल्या कमान प्लायवूडवर ठेवून आतून रेघ मारा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा ठेवा. पहिल्या क्षणी उघडून तिथेच थांबली तर लाकडाचा स्वभाव. रोज थोडी पुढे जात असेल तर डिंक सरकतोय.

खानापूर_साग
ताई, इपॉक्सी किती लागेल? आणि आठ पट्ट्यांना लावेपर्यंत घट्ट तर होणार नाही?

घाटमाथा
सात जोड, प्रत्येकी 900 बाय 40, मिळून पाव चौरस मीटर. 60 ते 80 ग्रॅम धरा, वाया जाणारं वेगळं. सावकाश कडक होणारं हार्डनर मागा. मिसळलेलं वाटीत तसंच ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने लवकर कडक होतं, म्हणून पसरट ताटलीत ओता आणि फोमच्या रोलरने दोन्ही बाजूंना लावा. इपॉक्सीला फार आवळू नका. कडेने बारीक मणी सगळीकडे सारखे आले की थांबा, नाहीतर जोड कोरडा पडतो. आणि एकदा डिंक न लावता सगळे क्लॅम्प लावून पाहा, कुठला क्लॅम्प कुठे ते हाताला कळतं.

सागात तेल असतं. लावण्याआधी पट्ट्या अॅसिटोनने पुसून घ्या आणि ते उडाल्यावर लगेच चिकटवा.

पटाशी_बेळगाव
पुसण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याच दिवशी रंधा मारलेल्या सागाला पुसायची गरज पडत नाही, उलट अॅसिटोन कधी कधी आतलं तेल वर ओढतं. जुन्या तुळईतल्या लाकडाचं पृष्ठ ताजं करणं महत्त्वाचं.

घाटमाथा
ताजा रंधा हवाच, त्यात वाद नाही. मी तरीही पुसेन. दोन तुकडे करून पाहा, एक पुसून, एक न पुसता, दोन दिवसांनी पटाशीने फोडा. लाकूड फाटलं तर जोड चांगला, डिंकाची रेघ चकचकीत सुटली तर वाईट.

हलगा_रोड
याच धाग्यात विचारतो. झुलत्या खुर्चीच्या खालच्या वक्र पट्ट्या करायच्यात, त्रिज्या 1200, पाच मिमीच्या पाच पट्ट्या. इथे पण एकट्या नर साच्यावरच करायचं का?

पटाशी_बेळगाव
नाही, तुमचं वळण पसरट आहे, दोन भागांचा साचा चालेल. पण जाड पट्ट्या पाचच आहेत, पंचविसावा हिस्सा वळण कमी होईल, तेवढा साचा जास्त वाकडा ठेवा. दोन्ही पट्ट्या एकाच साच्यावर करा आणि एका फळीतून काढलेल्या तुकड्यांचा क्रम पेन्सिलने लिहून ठेवा, नाहीतर डावी उजवी वेगवेगळी उघडेल आणि खुर्ची तिरकी झुलेल.

खानापूर_साग
जुन्या कमानीचं काय करू? फटींत इपॉक्सी घालून पुन्हा आवळता येईल का?

घाटमाथा
फटीत आधीचा पांढरा डिंक लागलेला आहे, त्याच्यावर इपॉक्सी नीट धरणार नाही. पोस्टकार्ड जातं तिथून आत खरवडताही येत नाही. ती कमान नव्या साच्यावर क्लॅम्पचा क्रम ठरवायला वापरा. नव्या पट्ट्यांसाठी 50 मिमी जाडीचं लाकूड बघा. करवतीचं पातं 3 मिमी खात असेल तर आठ पट्ट्यांत तेवढं जातंच.

खानापूर_साग
तुळईचा दुसरा तुकडा 55 चा आहे, निघतील. साचा 221.5 चा कापायला टाकतो. पुसून आणि न पुसता दोन्ही नमुने करतो, फोडल्यावर फोटो इथेच टाकतो.