मदत हवी आहे: राउंड रॉबिनच्या गँट चार्टमध्ये आधी कोणाचा नंबर?

नमस्कार मंडळी. नांदेडला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या पोरांना शेड्युलिंग शिकवतोय. एफसीएफएस, एसजेएफ लगेच कळतं, पण राउंड रॉबिनला वर्गात दोन तट पडलेत.

गणित साधं आहे. क्वांटम 2. P1 वेळ 0 ला येतो, त्याला सीपीयू 5 एकक लागतो. P2 वेळ 2 ला येतो, त्याला 2 एकक लागतात. बरोबर 2 ला P1 चा क्वांटमही संपतो. आता रेडी क्यूमध्ये आधी कोण?

```
P2 आधी: | P1 | P2 | P1 |
        0    2    4    7
P1 आधी: | P1 | P1 | P2 | P1 |
        0    2    4    6    7
```

पहिल्यात P1 ची वेटिंग 7−0−5=2, P2 ची 4−2−2=0, सरासरी 1. दुसऱ्यात दोघांची 2, म्हणून सरासरीही 2. काम तेवढंच अन् उत्तर दुप्पट!

मी नव्याला आधी घेतो, बहुतेक सोडवलेल्या उदाहरणांत तेच दिसतं. पण प्रश्नात नियम दिलेला नसेल तर तुम्ही पेपर कसा तपासता? गृहीतक लिहून दुसरा चार्ट काढणाऱ्याला पूर्ण मार्क देता का? अन् पेपर काढताना अशी बरोबरी टाळता, की मुद्दाम ठेवता?