चर्चा: तीन ईआरपी विक्रेत्यांच्या गुणतक्त्यातले वेटेज पक्षपाती आहे का, हे कसे ओळखावे?

अंबड_खरेदी विभाग

आमचा अंबड एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. ईआरपीसाठी तीन प्रस्ताव आले आहेत. समितीने निकषांना १०० पैकी वेटेज आणि प्रत्येक विक्रेत्याला ५ पैकी गुण दिले.

| निकष | वेटेज | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| पाच वर्षांचा खर्च | २० | ३ | ३ | ५ |
| आमच्या कामाशी जुळणी | ३० | ३ | ४ | २ |
| सपोर्ट | १५ | ३ | ४ | ३ |
| वापरायला सोपे | १५ | ५ | ३ | ३ |
| प्रशिक्षणाला लागणारा वेळ | १० | ५ | ३ | ३ |
| टॅलीशी जोडणी | १० | ४ | ३ | ३ |
| एकूण | | ३६० | ३४५ | ३१० |

उत्पादन व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की अ निवडून यावा म्हणूनच वेटेज असे बसवले आहे. हा आरोप खरा की खोटा, हे तपासण्याची काही रीत आहे का?

गंगापूर रोड

रीत अगदी सोपी आहे. सगळ्या निकषांना सारखे वेटेज द्या, म्हणजे कोणाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. तुमच्याच तक्त्यातल्या गुणांची नुसती बेरीज केली तर अ २३, ब २० आणि क १९ येतात. वेटेज काढून टाकल्यावरही अ पुढेच राहतो, किंबहुना अधिक पुढे जातो. तेव्हा व्यवस्थापकांच्या आरोपात तथ्य दिसत नाही.

कॉस्टिंगवाला

गंगापूर रोड यांनी सुचवलेली चाचणी जरूर करावी, पण तिचा निष्कर्ष त्यांनी घाईने काढला आहे. समान वेटेज निःपक्षपाती असते हा समज चुकीचा आहे, कारण तिथे ओळींची संख्याच वेटेजचे काम करते. या तक्त्यात ‘वापरायला सोपे’ आणि ‘प्रशिक्षणाला लागणारा वेळ’ या दोन ओळींचे गुण तिन्ही विक्रेत्यांना अगदी सारखे आहेत: ५, ३, ३ आणि पुन्हा ५, ३, ३. सॉफ्टवेअर सोपे असले की प्रशिक्षण कमी लागते. म्हणजे एकाच गुणाचे श्रेय अ ला दोनदा मिळाले. या दोन ओळी एक करून समान वेटेजची बेरीज पुन्हा करा. ती १८, १७, १६ येते, आणि तीन गुणांची आघाडी एकावर उतरते.

आता समितीचेच वेटेज घ्या. एकत्र केलेल्या ओळीचे वेटेज २५ होते आणि एकूण गुण बदलत नाहीत. पाच निकष दुसऱ्या ते सहाव्या ओळीत आणि वेटेज बी स्तंभात ठेवून अ च्या गुणांखाली हे सूत्र लिहा, मग ब आणि क च्या स्तंभांत ओढा:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$6,C2:C6)
```

यानंतर सोपेपणाचे वेटेज एकेक गुणाने कमी करत तेवढेच कामाशी जुळणीच्या वेटेजमध्ये टाका. दर गुणामागे अ ची बेरीज २ ने घटते आणि ब ची १ ने वाढते, म्हणून १५ चा फरक पाच गुण हलवताच संपतो: सोपेपणा २०, जुळणी ३५, आणि दोघेही ३५०. समितीतल्या कोणालाही ‘२५ च का, २० का नाही?’ असे विचारले तर ठाम उत्तर मिळणार नाही, आणि निकाल मात्र त्या पाच गुणांवरच टांगलेला आहे. यावरून कोणी मुद्दाम काही केले असे सिद्ध होत नाही; पण या तक्त्याच्या जोरावर अ निर्विवाद पुढे आहे, असेही म्हणता येत नाही.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच विचारावा लागेल: वेटेज लिहून त्यावर सह्या झाल्या त्या डेमोच्या आधी की नंतर?

अंबड_खरेदी विभाग

डेमोनंतर. अ चा डेमो सर्वांना फारच आवडला होता, हे मान्य करावे लागेल.

पिंपळगावचा पॅकहाऊस

आमचाही अनुभव ऐका. आम्ही द्राक्ष निर्यात करतो. सॉफ्टवेअर घेताना असाच तक्ता केला आणि सर्वाधिक गुण मिळालेले घेतले. हंगाम सुरू झाल्यावर कळले, की कोणत्या पेटीत कोणत्या प्लॉटचा माल आहे ही साखळी त्यात टिकतच नाही. निर्यातीत हे चालत नाही. अपेडाच्या ग्रेपनेटवर मालाचा माग बागेपर्यंत लागावा लागतो. त्या निकषात त्याला कमी गुण होते, पण बाकीच्या गुणांनी ती उणीव झाकली गेली. म्हणून माझा सल्ला असा, की अशा निकषाला ४० वेटेज द्यावे.

कॉस्टिंगवाला

पॅकहाऊस यांचा मुद्दा वेगळा असला तरी इथे लागू पडतो. उपाय मात्र वेटेज वाढवण्याचा नाही. बेरजेच्या तक्त्यात एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघतेच, मग वेटेज ४० असो की ५०. ज्याच्यावाचून काम अडते ती अट तक्त्याबाहेर ठेवावी आणि ती पूर्ण न करणाऱ्याला गुण देण्याआधीच वगळावे. अंबडकर, क ला जुळणीत २ गुण कशामुळे मिळाले?

अंबड_खरेदी विभाग

कच्च्या मालाचा हीट नंबर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्पॅचपर्यंत जात नाही. आमच्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तो मागतात. ‘करून देऊ’ असे क तोंडी म्हणतो, पण लेखी काही दिलेले नाही.

सिडकोतला संशयी

माझा विरोध या सगळ्या खटाटोपालाच आहे. वेटेजची एवढी चिरफाड करता, पण ते गुण कोठून आले? जुळणीत ब ला ४ आणि अ ला ३ हे एका डेमोवर ठरले आहे. त्या ओळीचे वेटेज ३०, म्हणजे अर्ध्या गुणाची किंमत १५, आणि तुमचा सगळा फरकही १५ चाच आहे. एखाद्या सदस्याने हात थोडा सैल सोडला तरी निकाल फिरेल. त्यापेक्षा विक्रेत्यांच्या जुन्या ग्राहकांना फोन करावेत आणि तक्ता बाजूला ठेवावा.

कॉस्टिंगवाला

गुणांविषयीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वेटेज तपासून गुण आपोआप खरे होत नाहीत. पण फोन कोणाला करायचे आणि काय विचारायचे, हे तक्त्यावरूनच कळते. लढत अ आणि ब यांच्यात आहे आणि ती सोपेपणा विरुद्ध जुळणी अशी आहे. म्हणून तुमच्याच एका जुन्या वर्कऑर्डरची, जॉबवर्क चलन आणि रिजेक्शनसह, दोघांकडून तुमच्या माणसांच्या हाताने नोंद करवून घ्या आणि मग या दोन निकषांचे गुण नव्याने द्या.

वेटेजही नव्याने घ्या, पण ‘खर्च किती महत्त्वाचा?’ असे विचारू नका. त्यावर सगळेच ‘फार’ म्हणतात. प्रत्येक विभागप्रमुखाला विक्रेत्यांची नावे न सांगता, वेगवेगळे बसवून असे विचारा: ‘प्रत्येक निकषात आलेल्या प्रस्तावांपैकी सर्वांत वाईट तेच तुमच्या वाट्याला आले आहे आणि एकच निकष सर्वांत चांगल्या पातळीवर नेता येणार आहे, कोणता न्याल?’ त्या निकषाला १०० द्या, बाकीचे त्याच्या तुलनेत लिहून घ्या आणि शेवटी सर्वांची बेरीज १०० वर आणा. असे वेटेज वापरताना प्रत्येक ओळीतला सर्वांत वाईट गुण ० आणि सर्वांत चांगला १०० धरावा लागतो, नाहीतर हिशेब चुकतो.

अंबड_खरेदी विभाग

दोन विभागप्रमुखांना विचारले. क ला तूर्त तक्त्यात ठेवले आहे. त्याचा प्रस्ताव पाच वर्षांसाठी साधारण १८ लाखांचा आणि बाकी दोघांचे २१ लाखांच्या आसपास आहेत. वर्षाला साठ हजारांचाच फरक आहे, हे समोर ठेवल्यावर लेखा विभागानेही खर्चाला पहिले स्थान दिले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. तरी उत्पादन विभागाच्या वेटेजने ब ६०, अ ४४ आणि क १६ येतात, तर लेखा विभागाच्या वेटेजने अ स्पष्टपणे पुढे राहतो. दोन्हींची सरासरी काढावी का?

गंगापूर रोड

सरासरीच काढावी, नाहीतर हा वाद कधी मिटणार?

कॉस्टिंगवाला

सरासरी काढली तर असे वेटेज हाती येईल, जे दोघांपैकी एकाचेही मत नाही, आणि खरा मतभेद आकड्यांखाली दडपला जाईल. दोन्ही निकाल शेजारी शेजारी मांडून मालकांपुढे ठेवा. रोज हे सॉफ्टवेअर कोण वापरणार आणि बिघडले तर कोणाचे काम थांबणार, हे त्यांनी ठरवायचे आहे.

सिडकोतला संशयी

म्हणजे शेवटी निर्णय मालकच घेणार. मी वेगळे काय म्हणत होतो?

अंबड_खरेदी विभाग

वर्कऑर्डरची चाचणी द्यायला ब तयार आहे. अ त्यासाठी वेगळे शुल्क मागतो आहे. हीट नंबरबाबत क ला लेखी उत्तर मागितले आहे. ते येईपर्यंत क ला तक्त्यात ठेवावे की आताच वगळावे, यावर समितीत एकमत नाही.