प्रतिसाद: एवढ्याशा शिगेलाने रक्ती आव कशी होते?

> "कॉलऱ्याला लाखो-कोटी जंतू लागतात, मग शिगेलाला 10 ते 100 कसे पुरतात?"

पहिलं कारण जठरातलं आम्ल. कॉलऱ्याचे बहुतेक जंतू तिथेच मरतात. शिगेला हा रक्ती आवेचा जंतू मात्र तीव्र आम्लातही काही तास तग धरतो, त्यामुळे गिळलेल्यांपैकी बरेचसे मोठ्या आतड्यापर्यंत जिवंत पोचतात.

पण खरी गंमत पुढे आहे. आतड्याच्या अस्तराला वरच्या बाजूने त्याला सहज शिरता येत नाही. अस्तरातल्या एम पेशी आतड्यातले कण उचलून खाली पोचवतात, त्यांच्यामधून तो खाली उतरतो. तिथे मॅक्रोफेज ही भक्षक पेशी त्याला गिळते आणि तोच तिला मारून बाहेर पडतो. मग सुईसारख्या यंत्रणेने अस्तराच्या पेशीत प्रथिनं टोचून तो खालून आत घुसतो. आत गेल्यावर पेशीच्याच सांगाड्यातल्या ॲक्टिन या प्रथिनाची शेपटी बनवून स्वतःला ढकलत शेजारच्या पेशीत जातो, मध्ये बाहेर न येता. म्हणजे एकच जंतू आतल्या आत वाढून मोठा पट्टा व्यापू शकतो.

मरणारी मॅक्रोफेज धोक्याचे रासायनिक संदेश सोडते. ते ऐकून धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अस्तरातले सांधे उसवत वर येतात, आणि त्याच फटींतून आणखी जंतू खाली उतरतात. अस्तराला व्रण पडतात. म्हणून कॉलऱ्यासारखे भाताच्या पेजेसारखे जुलाब न होता थोडं थोडं, कळ देऊन, रक्त आणि शेंबूड मिसळलेलं पडतं. शौचाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर न्यूट्रोफिलची गर्दी दिसते. जंतू कोणता हे मात्र त्यावरून ठरत नाही, त्यासाठी कल्चर म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासारखी तपासणी लागते.