मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपसाठी मतदानाची पोस्ट, कुणाचा प्रचार नको आणि कुणाला टोमणाही नको

पाथर्डी_फाटा_बी_विंग

नमस्कार मंडळी. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमची साधारण साठ फ्लॅटची सोसायटी आहे. निवडणूक अजून जाहीर झालेली नाही, पण मतदानाबद्दल एक पोस्ट आत्ताच ग्रुपवर आणि लिफ्टजवळच्या फळ्यावर लावायची असं कमिटीत ठरलं. लिहायचं काम माझ्यावर आलं. अध्यक्षांनी दिलेला मसुदा असा:

«मतदान न करणाऱ्याला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचा अधिकार नाही! मतदानाच्या दिवशी फार्महाऊसवर जाणाऱ्यांनो, जागे व्हा! सिंहस्थाची कामं वेगाने पुढे नेण्यासाठी मतदान करा. शाई लावलेल्या बोटाचा फोटो ग्रुपवर टाका. ज्यांचा फोटो येणार नाही त्यांच्या फ्लॅट नंबरची यादी फळ्यावर लागेल.»

खाली उघडा पंजा, घड्याळ आणि रामकुंडाच्या पाण्यात कमळं असं चित्र आहे. आमच्याकडे सगळ्या पक्षांचे लोक आहेत आणि मागच्या वेळी मत न दिलेलेही बरेच आहेत. हे असंच लावलं तर भांडणं होतील. काय बदलू?

गोदाकाठची_मी

चित्र आधी काढा हो! वेळ सांगायला घड्याळ, शाईसाठी पंजा, गोदावरीसाठी कमळ, काढणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण तिन्ही निवडणूक चिन्हं आहेत. शाईचं एक बोट पुरे. तेही नको असेल तर मतदान केंद्राच्या दाराचा साधा फोटो.

«सिंहस्थाची कामं वेगाने पुढे नेण्यासाठी» हे वाक्य सत्तेत असलेल्यांच्या बाजूला झुकतं आणि खड्ड्यांचं विरोधकांच्या. «परिवर्तन घडवा», «स्थिरतेसाठी», «विकासाला मत» या सगळ्यांची तीच गत. मी एक चाचणी लावते. हेच वाक्य एखाद्या उमेदवाराच्या फ्लेक्सवर जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर ते आपल्या फळ्यावर नको.

कायद्याचं_बोला

एक लक्षात ठेवा, निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावं लागतं. नाहीतर गुन्हा दाखल होतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127अ.

जुना_बीएलओ

कलम बरोबर, पण ते इथे लागू नाही. उमेदवाराचा किंवा उमेदवारांच्या गटाचा प्रचार, नाहीतर त्यांच्याविरुद्ध प्रचार करणाऱ्या छापील पत्रकासाठी ते आहे. «यादीत नाव तपासा» असं सांगणारा सोसायटीचा कागद त्यात बसत नाही. तरी खाली «कमिटी, अमुक सोसायटी» असं लिहावं, म्हणजे कुठल्या कार्यकर्त्याने लावला अशी शंका येत नाही. «सौजन्य» म्हणून मात्र कुणाचंही नाव नको.

आता मुख्य गोष्ट. मी शाळेत शिक्षक होतो आणि बरीच वर्षं बीएलओचं काम केलं, सिडकोच्या बाजूला. मतदान न केलेल्या घरी विचारलं की आळस क्वचित निघायचा. नाव जुन्या पत्त्यावर राहिलेलं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत, मुलाला अठरा पूर्ण झाली पण अर्ज केलाच नाही, हेच जास्त. तुमचा भाग तर नव्याने वसलेला. पोस्टमध्ये «जागे व्हा» लिहिलंत तर ज्याचं नाव जेलरोडच्या यादीत अडकलंय त्याला काय उपयोग? त्याला आज काय करायचं ते सांगा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

माझीच गोष्ट. नाव गावी, चोपड्याला. कंपनी सातपूरला. मतदानाच्या दिवशी सुपरवायझर म्हणतो तू इथला मतदार नाहीस, तुला सुट्टी नाही. मग मी काय मुद्दाम टाळलं? आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अशी यादी लागली तर माझा फ्लॅट पहिला.

जुना_बीएलओ

दादा, तुमचा सुपरवायझर चुकतोय. त्याच कायद्याचं कलम 135ब सांगतं की उद्योगधंद्यात कामाला असलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची. तुम्ही कुठल्या मतदारसंघाचे मतदार आहात हे महत्त्वाचं, कंपनी कुठे आहे हे नाही. तुम्ही नसलात तर धोका किंवा मोठं नुकसान होईल, अशा कामाला अपवाद आहे. पण नाशिकलाच कायम राहत असाल तर नाव इथे आणणं हा खरा उपाय. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

गावचं नाव काढलं तर शेताच्या कागदपत्रांना काही होईल का? आई घाबरते.

जुना_बीएलओ

काही होत नाही. मतदार यादीचा सातबाऱ्याशी संबंध नाही.

पाथर्डी_फाटा_बी_विंग

काका, हे फार कामाचं आहे. आमच्या मजल्यावरचंच एक उदाहरण घ्या. नवरा-बायको जेलरोडवरून इथे राहायला आले, भाड्याने. दोघांकडे मतदार कार्ड आहे, त्यावर जुना पत्ता. ते म्हणतात, कार्ड आहे ना, मग इथे चालेल. चालेल का?

सगळं_ऑनलाइन

चालणार नाही. मतदारसंघ बदलला तर फॉर्म 6 भरायचा, त्याच मतदारसंघात घर बदललं तर 8अ.

जुना_बीएलओ

हे जुनं झालं. ऑगस्ट 2022 पासून फॉर्म 6 फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. घर बदलणाऱ्यांनी, मतदारसंघ तोच असो की दुसरा, फॉर्म 8 भरायचा. आधीच मतदार असलेल्याने 6 भरला की नाव दोन ठिकाणी लागण्याचा घोळ होतो.

तुमच्या शेजाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो. आधी voters.eci.gov.in वर कार्डावरचा नंबर टाकून नाव शोधायचं. नावाने शोधू नका. स्पेलिंग जरा वेगळं असलं की «सापडत नाही» येतं आणि लोक हबकतात. नंबराने सापडलं की नाव कुठल्या मतदारसंघात, कुठल्या यादी भागात आहे ते दिसेल. तिथे जुना पत्ता निघाला की तिथूनच फॉर्म 8. पत्त्याच्या पुराव्याला नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, बँकेचं पासबुक चालतं, नवा पत्ता असलेलं आधार चालतं. दोघांचे अर्ज वेगवेगळे. अर्ज केल्यावर एक क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवायचा. पुढे बीएलओ घरी येऊन खात्री करतो. बरेच अर्ज इथेच अडतात, कारण दिवसा घराला कुलूप असतं आणि वॉचमन सांगतो, असं कुणी इथे राहत नाही. भाडेकरूंची नावं वॉचमनकडे द्या, सोसायटीला करता येण्यासारखं हे सगळ्यात उपयोगी काम.

नाव हललं की कार्डाचा नंबर तोच राहतो. आणि घाई का, तर उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही. छाननीला वेळ लागतो, म्हणून अर्ज त्याच्या बराच आधी जायला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर जागं होणारे इथेच मागे राहतात. तोपर्यंत नाव हललं नाही तर मत जेलरोडलाच द्यायचं, जुनं कार्ड तिथे चालतं.

मिसळ_आणि_पाव

उलटही होतं. माझ्या बायकोचं कार्ड हरवलं म्हणून ती गेलीच नाही. नंतर कळलं की यादीत नाव असलं तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही चालतं. हे पोस्टमध्ये टाकाच.

गोदाकाठची_मी

टाका. आणि केंद्रावर मिळणारी किंवा घरी येणारी चिठ्ठी हा ओळखपत्राचा पुरावा नाही, हेही. दरवेळी दोन-चार जण नुसती चिठ्ठी घेऊन जातात.

तिसरा_पर्याय_नाही

मी सरळ सांगतो, मी मुद्दाम मत देत नाही. उमेदवार पटत नाहीत. तुम्ही सगळे मिळून मला मतदान केंद्रावर ढकलायचा धागा काढलाय का?

पाथर्डी_फाटा_बी_विंग

नाही हो. तुमच्यासारख्यांना टोमणा बसू नये म्हणूनच विचारतोय.

मिसळ_आणि_पाव

मग नोटा दाबा की. 2013 पासून आहे.

तिसरा_पर्याय_नाही

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी विधानसभेला उरलेल्यांतला पहिला निवडून येतोच. मग फरक काय?

गोदाकाठची_मी

निकालावर फरक पडत नाही, खरं आहे. नोंदीत पडतो. घरी बसलेला नाराज आणि घरी बसलेला आजारी आकडेवारीत सारखेच दिसतात, नोटा वेगळा मोजला जातो. तुम्हाला तेवढं पुरेसं वाटतं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. पोस्टमध्ये मी एवढंच लिहीन की नोटाचं बटण आहे. दाबा किंवा दाबू नका, असं नाही.

कायद्याचं_बोला

नोटाचा उल्लेखही नको. अमक्या उमेदवारांविरुद्ध वाटेल.

गोदाकाठची_मी

यंत्रावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेलं बटण आहे ते. पटत नाही मला.

जुना_बीएलओ

यावर कमिटीतच ठरवा. महापालिकेची निवडणूक असेल तेव्हा मात्र एक गोष्ट वेगळी सांगावी लागेल. आपल्याकडे 122 नगरसेवक आणि 31 प्रभाग, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार जागा. मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. एक बटण दाबून लोक बाहेर यायला निघतात आणि यंत्र अडून बसतं. शिवाय त्या निवडणुकीला वेगळी नावनोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडतात. म्हणून आता केलेला फॉर्म 8 तिथेही उपयोगी पडतो.

पाथर्डी_फाटा_बी_विंग

सगळ्यांचे आभार. नवा मसुदा:

«शेजाऱ्यांनो, पुढच्या निवडणुकीत आपल्या सगळ्यांना मत देता यावं म्हणून हे आत्ताच सांगत आहोत. कार्ड असलं तरी नाव इथल्या यादीत असेलच असं नाही. voters.eci.gov.in वर कार्डाचा नंबर टाकून बघा, किंवा 1950 वर फोन करा. इथे राहायला आला असाल आणि नाव जुन्या पत्त्यावर असेल तर फॉर्म 8. अठरा पूर्ण असून नाव कुठेच नसेल तर फॉर्म 6. मोबाईलवर जमत नसेल तर रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये या, आम्ही भरायला मदत करू. भाडेकरूंनीही यावं. कार्ड हरवलं असेल तरी यादीत नाव असल्यास आधार, पॅन, लायसन्स किंवा पासपोर्ट दाखवून मत देता येतं. केंद्रावर जायला सोबत हवी असेल तर कमिटीला सांगा. मत कुणाला द्यायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, कुणी दिलं आणि कुणी नाही याची नोंद सोसायटी ठेवणार नाही. कमिटी.»

जुना_बीएलओ

छान झालंय. सोबत न्यायला गाडी लागली तर ती आपल्या आपल्यातली असू द्या. उमेदवाराने किंवा त्याच्या माणसाने «आजींना आम्ही नेतो» म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा, मतदारांना वाहन पुरवणं उमेदवाराला अडचणीत आणू शकतं. आणि पंच्याऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर लोकसभा-विधानसभेला घरून मतदानाची सोय आहे, 12ड अर्ज करून. निवडणूक जाहीर झाल्यावर त्याला फार थोडे दिवस मिळतात, तेव्हा त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा.

पाथर्डी_फाटा_बी_विंग

सी विंगमध्ये दोन आजी आहेत. अध्यक्षांना मात्र शाईच्या बोटांचा फोटो हवाच आहे, «ज्यांना हौस आहे त्यांनी टाकावा» म्हणतात. चालेल का?

गोदाकाठची_मी

हौस असेल तर असू दे, पण सोसायटीच्या ग्रुपवर नको. ज्याचा फोटो नाही तो तिथे आपोआप मोजला जातो.

मिसळ_आणि_पाव

मला तर फोटोत काही वाईट दिसत नाही. आम्ही दरवेळी टाकतो आणि मग मिसळ खायला जातो.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

बीएलओ काका, माझा भाडेकरार नोंदणीचा नाहीये, घरमालकाने साध्या स्टॅम्पपेपरवर करून दिलाय. गॅसचं बुक माझ्या नावावर आहे. तेवढ्यावर होईल?

जुना_बीएलओ

गॅसचं बिल चालतं, फक्त त्यावर सध्याचाच पत्ता आहे ना ते बघा. आणि बीएलओ येईल तेव्हा सेकंड शिफ्टला जाण्याआधी भेटेन, असं शेजारी सांगून ठेवा.